गॅस बुक झाला, सिलिंडरही आला. मग सबसिडी गेली कुठे?

जुलै २०२४ मधली गोष्ट. असल्फा मेट्रो स्टेशनवरून डोंगराकडे चढत गेलं की माझी मावशी राहते. वय ६७, गॅस कनेक्शन उज्ज्वला योजनेतलं, तिच्याच नावावर. मी गेलो तर तिने चहाच्या आधी बँकेचं पासबुक पुढे ठेवलं. "अरे, तू मोबाइलचं सगळं बघतोस ना? मग सांग, ऑक्टोबरात तीनशे आले, त्यानंतर चार बाटले घेतले, एकाचेही पैसे नाहीत. एजन्सीवाला म्हणतो पाठवले. बँकवाली म्हणते आले नाहीत. खोटं कोण बोलतंय?"

शेवटी कळलं ते असं, की दोघंही खरं बोलत होते. पैसे निघाले होते, पोहोचलेही होते, फक्त त्या पासबुकात नव्हते.

हे शोधायला मला अर्धा दिवस लागला. त्यातून एक लक्षात आलं. आपण मोबाइलवर गॅस बुक करतो तेव्हा एक बटण दाबतो, पण त्या बटणामागे तीन वेगवेगळ्या नोंदी असतात आणि त्या तीन वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या असतात. ग्राहक क्रमांक गॅस कंपनी आणि एजन्सीकडे. पत्ता एजन्सीच्या डिलिव्हरीच्या यादीत. आणि सबसिडी कुठल्या बँकेत जाणार, ही नोंद बहुतेक वेळा गॅस कंपनीकडे नसतेच. एक नोंद बदलली म्हणून बाकीच्या दोन आपोआप बदलत नाहीत. आपल्या उपनगरांतल्या गॅसच्या बहुतेक भानगडी इथेच सुरू होतात, म्हणून एकेक नोंद नीट बघू.

ग्राहक क्रमांक: छोटा नंबर आणि १७ अंकी नंबर

गॅसच्या पुस्तकावर किंवा पावतीवर एक छोटा नंबर असतो. तो ग्राहक क्रमांक, म्हणजे कन्झ्युमर नंबर. अनेक ठिकाणी हा नंबर त्या एजन्सीपुरताच असतो. बोरिवलीतल्या एका एजन्सीकडे जो नंबर तुमचा आहे, तोच मुलुंडच्या दुसऱ्या एजन्सीकडे भलत्याच माणसाचा असू शकतो. म्हणून पेमेंट ॲपमधून बुक करताना कंपनी, एजन्सी आणि नंबर तिन्ही जुळले पाहिजेत.

दुसरा असतो १७ अंकी एलपीजी आयडी. हा देशभरात एकाच कनेक्शनचा असतो. तो पावतीवर मिळतो. नाही सापडला तर `mylpg.in` या साइटवर आपल्या कंपनीचा सिलिंडर निवडून शोधता येतो. भारतात घरगुती गॅसच्या तीन सरकारी कंपन्या आहेत, इंडेन, भारत गॅस आणि एचपी गॅस. तिघींकडे जायचा रस्ता या एकाच साइटवरून आहे.

गुगल पे, फोनपे किंवा पेटीएमवरून बुक करत असाल तर नंबर टाकल्यावर पैसे भरण्याआधी स्क्रीनवर ग्राहकाचं नाव येतं, कधी अर्धं झाकलेलं. तिथे दोन सेकंद थांबा. नाव आपल्या घरातलं आहे का ते बघा. नसेल तर मागे या, कारण भरलेले पैसे दुसऱ्याच्या बुकिंगवर जातील आणि परत मिळवायला एजन्सीच्या चकरा माराव्या लागतील.

आता यातला खरा कच्चा दुवा. बुकिंग, ओटीपी, डिलिव्हरीचा कोड, सगळं नोंदणीकृत मोबाइल नंबरवर चालतं. आणि आपल्या घरांमध्ये तो नंबर बऱ्याचदा दहा वर्षांपूर्वीचा असतो. बाबांचा बंद पडलेला, नाहीतर लग्न होऊन गेलेल्या ताईचा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. म्हणजे तुमच्या गॅसचे मेसेज एका अनोळखी माणसाला जात असू शकतात. मावशीच्या कनेक्शनवर माझ्या मावसभावाचा नंबर होता आणि तो राहायला गेलाय नालासोपाऱ्याला. सबसिडीचा एखादा मेसेज आलाही असेल, तर त्याने वाचून सोडून दिला असणार.

पत्ता: हे फूड डिलिव्हरीचं ॲप नाही

जेवण मागवताना आपण पत्ता बदलतो आणि दुसऱ्या मिनिटाला गाडी त्या दिशेने निघते. गॅसचं तसं नाही. तुमचं कनेक्शन एका एजन्सीशी बांधलेलं असतं आणि त्या एजन्सीचा भाग ठरलेला असतो. अंधेरीतल्या एजन्सीचा गॅसवाला घाटकोपरला येणार नाही, ॲपमध्ये तुम्ही काहीही टाका.

माझा एक मित्र बोरिवलीहून मुलुंडला भाड्याच्या घरात गेला. पुस्तक तेच, नंबर तोच, म्हणून त्याने नेहमीप्रमाणे बुक केलं. पैसे ऑनलाइन गेले. दोन दिवसांनी गॅसवाला बोरिवलीच्या जुन्या इमारतीखाली उभा राहून फोन करतोय, "साहेब, दार बंद आहे, कोड सांगा, मी खाली वॉचमनकडे ठेवतो." मित्राने कोड सांगितला. वॉचमनकडे काही ठेवलं गेलं नाही. मोबाइलवर मात्र मेसेज आला, सिलिंडर डिलिव्हर झाला.

हा कोड म्हणजे डिलिव्हरी ऑथेंटिकेशन कोड, डीएसी. बुकिंगनंतर पावती निघाली की तो नोंदणीकृत मोबाइलवर येतो. गॅसवाल्याने तो टाकला की कंपनीच्या हिशेबात सिलिंडर तुम्हाला मिळाला. त्यानंतर "मिळाला नाही" हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. शिवाय एक रिफिल तुमच्या खात्यावर चढल्यामुळे पुढचं बुकिंग ठरलेले दिवस उलटेपर्यंत होत नाही. म्हणून कोड कधीही फोनवर द्यायचा नाही. सिलिंडर दारात, सील शाबूत, वजन बघितलं, मग कोड.

वजन बघायचं कसं? सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं, समजा १५.८ किलो. त्यात गॅसचे १४.२ मिळवा. काट्यावर ३० च्या आसपास यायला हवं. काटा गॅसवाल्याकडे असायला हवा आणि तुम्ही मागितलात तर त्याने वजन करून दाखवायला हवं. पावतीवरच्या किमतीत घरपोच आणण्याचा खर्च धरलेला असतो, त्यामुळे जिना चढण्याचे वेगळे पैसे देणं बंधनकारक नाही. असल्फ्याच्या डोंगरावर सिलिंडर खांद्यावर घेऊन चढणाऱ्याला मावशी वीस रुपये आणि पाणी देते, ती तिची खुशी. तो दर नाही.

घर बदललं तर काय करायचं? त्याच शहरात किंवा शेजारच्या भागात गेलात तर जुन्या एजन्सीकडून कनेक्शन ट्रान्सफर मागायचं. कंपनीच्या ॲपवरूनही ही विनंती करता येते. यात सिलिंडर आणि रेग्युलेटर सहसा तुमच्याकडेच राहतात, कागद नव्या एजन्सीकडे जातो. पुणे, नाशिक असं दूर गेलात तर सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं आणि डिपॉझिट परत. त्या व्हाउचरवर नव्या गावात कनेक्शन मिळतं. ट्रान्सफर होईपर्यंत नव्या पत्त्यासाठी बुक करू नका. माझ्या मित्राने हा क्रम उलटा केला होता.

बँक लिंक: इथे खरा गोंधळ आहे

सगळ्यांना वाटतं की गॅस कंपनीकडे आपला खाते क्रमांक आहे आणि कंपनी त्यात पैसे टाकते. २०१५ च्या १ जानेवारीपासून पहल योजना देशभर लागू झाली आणि सबसिडी थेट बँकेत यायला लागली. तेव्हा दोन रस्ते ठेवले होते. एक बिना-आधारचा, ज्यात कंपनीकडे खरोखर तुमचा खाते क्रमांक असतो. दुसरा आधारचा, आणि आज बहुतेक कनेक्शनं याच रस्त्यावर आहेत.

आधारच्या रस्त्यात कंपनीकडे फक्त तुमचा आधार जोडलेला असतो. पैसे पाठवायची वेळ आली की एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी तीच संस्था, तिच्याकडच्या एका यादीत बघितलं जातं. या यादीला मॅपर म्हणतात. मॅपरमध्ये खाते क्रमांक नसतो. तिथे एवढंच लिहिलेलं असतं की या आधारचे सरकारी पैसे अमुक बँकेत पाठवा. मग ती बँक स्वतःकडे बघते, हा आधार कुठल्या खात्याला जोडलाय, आणि त्यात जमा करते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते. नवी बँक नोंदली गेली की जुनी पुसली जाते. दुसरी, खात्याला आधार देणं आणि मॅपरमध्ये बँक नोंदवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या तीन खात्यांना केवायसीसाठी आधार दिलेला असेल, तरी पैसे येणार एकाच बँकेत. "माझं खातं आधारशी लिंक आहे" हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. विचारायला हवं ते हे, की मॅपरमध्ये माझी कुठली बँक आहे?

हा दुवा नकळत कसा बदलतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१७ चं. तेव्हा सिम कार्डाची आधार पडताळणी चालू होती. दुकानात अंगठा दिला तो सिमसाठी, पण एअरटेलच्या लाखो ग्राहकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खातीही उघडली गेली आणि मॅपरमध्ये त्यांच्या आधारसमोर तीच बँक बसली. गॅसची सबसिडी लोकांच्या नेहमीच्या बँकेऐवजी तिथे जायला लागली. अनेकांना आपलं असं खातं आहे हेच माहीत नव्हतं. ३१ लाखांहून जास्त ग्राहकांचे सुमारे १९० कोटी रुपये असे वळले होते. डिसेंबर २०१७ मध्ये यूआयडीएआयने कंपनीचा ई-केवायसीचा परवाना तात्पुरता थांबवला आणि हे पैसे मूळ खात्यांकडे परत करायला लागले. त्यानंतर मॅपरमध्ये बँक बदलण्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचे नियम कडक झाले. पण संमती म्हणजे फॉर्मवरची एक टिक असते. कॅम्पमध्ये, घाईत, एजंट दाखवेल तिथे सही करणाऱ्याला ती कळतेच असं नाही.

मावशीच्या बाराशे रुपयांचा माग

आता परत असल्फ्याला. आम्ही हे असं शोधलं.

आधी `mylpg.in` वरून तिच्या कंपनीच्या पोर्टलवर गेलो. मावसभावाला फोन करून ओटीपी मागितला. आत बुकिंग हिस्टरीत डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल आणि जून असे चार रिफिल होते. प्रत्येकासमोर ३०० रुपये सबसिडी, पाठवली. म्हणजे एजन्सीवाला खरं बोलत होता.

मग `myaadhaar.uidai.gov.in` वर मावशीच्या आधार नंबरने लॉगिन केलं. सुदैवाने आधारला तिचाच मोबाइल होता. तिथे `Bank Seeding Status` म्हणून पर्याय आहे. त्यात मॅपरमधल्या बँकेचं नाव, स्थिती आणि शेवटचं केव्हा बदललं ती तारीख दिसते. मावशीसमोर दुसऱ्याच बँकेचं नाव होतं. तारीख नोव्हेंबर २०२३. बरोबर, ऑक्टोबरचे तीनशे जुन्या पासबुकात होते आणि डिसेंबरपासून काही नव्हतं.

"मावशी, नोव्हेंबरात कुठे खातं उघडलंस?"

"मी? कुठे नाही बाबा." मग थोडं थांबून, "बाजारात टेबल टाकून बसले होते. झीरो बॅलन्सचं म्हणाले. अंगठा घेतला, पिशवी दिली. मी परत गेलेच नाही."

ती पिशवी लोखंडी पेटीत होती, आत न उघडलेलं पाकीट आणि पासबुक. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन भरून घेतलं. तीनशे, तीनशे, तीनशे, तीनशे. पूर्ण बाराशे रुपये.

हिशेब बघा, म्हणजे एवढ्या धडपडीचं कारण कळेल. मुंबईत डिसेंबर आणि फेब्रुवारीत सिलिंडर ९०२ रुपये ५० पैशांना होता. मार्चमध्ये शंभर रुपये कमी झाले, त्यामुळे एप्रिल आणि जूनला ८०२ रुपये ५० पैसे. चार सिलिंडरांचे तिने ३,४१० रुपये भरले. बाराशे वजा केले की २,२१० उरतात, म्हणजे एका सिलिंडरला साधारण ५५० रुपये. तिच्या डोक्यात मात्र सात महिने साडेआठशेचा हिशेब होता, आणि म्हणून जूनचा सिलिंडर संपत आल्यावर ती पुढचा घ्यायला कचरत होती.

पुढे दोन पर्याय होते. नवं खातं वापरत राहायचं, किंवा मॅपर जुन्या बँकेकडे वळवायचा. मावशीला जुनी शाखा चालत जाता येते, म्हणून आम्ही तिथे आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरला. त्यात आधीची बँक कुठली तेही लिहायचं असतं. आठवडाभरात `Bank Seeding Status` मध्ये जुन्या बँकेचं नाव आलं. ज्यांना ऑनलाइन करायचंय त्यांच्यासाठी एनपीसीआयच्या साइटवर `BASE` नावाची सोय आहे, पण सगळ्या बँका त्यात नाहीत. एक लक्षात ठेवा, मॅपर बदलला की पुढचे पैसे वळतात. आधी आलेले जिथे आहेत तिथेच राहतात, ते त्या बँकेतूनच काढायचे.

पण मुळात सबसिडी कोणाला?

हे वाचून तुम्ही घरी आईचं पासबुक काढाल आणि पाहाल तर गेली कित्येक वर्षं एकही रुपया नाही. घाबरू नका, पैसे कुठे वळले नसणार. ते निघतच नाहीत.

मे २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात जगभरात इंधनाचे भाव कोसळले. मुंबईत सिलिंडर ५७९ रुपयांवर आला आणि बाजारभाव व सबसिडीचा भाव यातलं अंतरच संपलं. सबसिडी शून्य झाली. पुढे भाव चढले, जुलै २०२२ मध्ये मुंबईत १,०५२ रुपये ५० पैसे झाले, पण दुर्गम भाग सोडले तर सामान्य ग्राहकांची सबसिडी परत सुरू झाली नाही. सुरू झाली ती फक्त उज्ज्वला कनेक्शनांसाठी, मे २०२२ पासून २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये. २०२५-२६ या वर्षासाठी केंद्राने ती नऊ रिफिलपर्यंत ठेवली.

महाराष्ट्रात यावर आणखी एक थर आला. जुलै २०२४ च्या शेवटी मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेचा शासन निर्णय निघाला, वर्षाला तीन सिलिंडर मोफत. उज्ज्वलातल्या महिलेला केंद्राच्या ३०० वर राज्याचे सुमारे ५३० रुपये, आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र महिलेला सुमारे ८३० रुपये. हे पैसेही आधी तुम्ही सिलिंडर घेतल्यावर बँकेत येतात. आणि इथे उपनगरातली अनेक घरं अडकली. अट अशी की गॅस कनेक्शन महिलेच्या नावावर हवं. आपल्याकडे ते सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या, कधी वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं. रोजचं बुकिंग त्या नावावर वर्षानुवर्षं चालतं, कोणी विचारत नाही. पैशांची योजना आली की पुस्तकावरचं नाव मध्ये येतं. त्यामुळे आईच्या नावावर कुठली योजना असेल तर आधी पुस्तकावर नाव कोणाचं ते बघा आणि मग मॅपर.

ही गोष्ट माहीत असण्याचा दुसरा फायदाही आहे. "तुमची गॅस सबसिडी अडकली आहे, लिंकवर बँक तपशील भरा" असा मेसेज आला आणि तुमचं कनेक्शन साधं असेल, तर अडकायला काही नाहीच. मेसेज खोटा आहे. उज्ज्वला असेल तरीही खोटाच, कारण बँक बदलते ती तुमच्या संमतीने, मेसेजमधल्या लिंकवरून नाही. मुंबईत पाइप गॅसच्या नावाने "आज रात्री गॅस बंद होईल, ही फाइल इन्स्टॉल करा" असे मेसेजही फिरतात. `.apk` ने संपणारी फाइल कुठलीच गॅस कंपनी पाठवून बसवायला सांगत नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

ई-केवायसी मात्र खरी आहे. बोगस कनेक्शनं शोधण्यासाठी कंपन्या आधारवरून ग्राहकाची ओळख तपासतात. ती कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये चेहरा दाखवून, गॅसवाल्याच्या मोबाइलवर किंवा एजन्सीत जाऊन होते आणि तिचे पैसे लागत नाहीत.

नवीन कनेक्शन घेणाऱ्यांसाठी

भाड्याच्या घरात राहायला आलात आणि इमारतीत महानगर गॅसची पाइप नाही, तर कंपनीच्या साइटवर किंवा ॲपवर नव्या कनेक्शनसाठी नोंदणी करता येते. पिनकोड टाकला की तुमच्या भागातल्या एजन्सी दिसतात. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा (भाडेकरार चालतो) आणि आधार लागतो.

डिपॉझिट जून २०२२ पासून १४.२ किलोच्या एका सिलिंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५० रुपये, मिळून २,४५०. दोन सिलिंडर घेतले तर ४,६५०. हे पैसे कनेक्शन बंद करताना परत मिळतात, म्हणून सबस्क्रिप्शन व्हाउचर जपून ठेवा. याशिवाय पहिल्या सिलिंडरमधल्या गॅसची किंमत, रबरी पाइप, पुस्तक आणि जोडणी. शेगडी एजन्सीकडूनच घ्या असं कोणी म्हणालं तर ती सक्ती नाही. एका घरात, म्हणजे एका स्वयंपाकघराला, एकच कनेक्शन हा नियम आहे. त्या पत्त्यावर आधीच्या भाडेकरूचं कनेक्शन अजून नोंदलेलं असेल तर अर्ज अडकतो. अशा वेळी भाडेकरार दाखवून एजन्सीकडून ते वेगळं करून घ्यावं लागतं.

सहा महिन्यांसाठीच आला असाल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर बघा. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. किलोमागे तो महाग पडतो, पण ट्रान्सफरची कटकट नाही.

आज घरी गेल्यावर

गॅसचं पुस्तक काढा. त्यावर नाव कोणाचं, मोबाइल कोणाचा, पत्ता आताचा आहे का, एवढं बघा. मोबाइल जुना असेल तर आधी तो बदला, कारण बाकी सगळं त्याच्या ओटीपीवर चालतं. घरात उज्ज्वला किंवा राज्याच्या योजनेचे पैसे येत असतील तर `Bank Seeding Status` उघडून बँकेचं नाव आणि तारीख वाचा. तक्रारीसाठी तिन्ही कंपन्यांचा एकच टोल फ्री नंबर आहे, १८०० २३३३ ५५५. गळतीसाठी १९०६. नंबर गुगलवर शोधून पहिल्यावर फोन करू नका, पावतीवर छापलेला वापरा.

मावशीचा जुलैचा सिलिंडर आम्ही त्याच दिवशी बुक केला, आता तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून. मॅपर तोवर बदलला नव्हता, त्यामुळे त्याचे तीनशे पुन्हा त्या दुसऱ्याच खात्यात गेले. पण या वेळी ते कुठे आहेत हे तिला माहीत होतं. बाजारात गेली तेव्हा काढून आणले.